मेल सरांच्या नावाचा, वाचणार अकाउंट्स

*मी घरून भाषांतराचं काम करते. एका कंपनीला माहितीपुस्तिका करून दिली. ५ मार्चला बिल पाठवलं, ३० दिवसांत पैसे द्यायचं मेलवरच ठरलं होतं. अजून आलेले नाहीत. १० एप्रिलला विचारलं तर ‘हो, बघतो’ असं उत्तर आलं. २० एप्रिलला पुन्हा लिहिलं, त्याला काहीच उत्तर नाही. आणि मधल्या काळात त्याच सरांनी नवीन मजकूर पाठवलाय, तो मी करायलाही घेतलाय! कडक लिहिलं तर काम हातचं जाईल अशी भीती वाटते, मऊ लिहून तर काही होत नाही. माझा दुसरा मेल खाली देतेय. आता काय लिहू?*

*‘नमस्कार सर, कसे आहात? तुम्ही कामात असाल, त्रास देतेय त्याबद्दल सॉरी. मागच्या बिलाचं काही झालं का? वेळ मिळेल तसं जरा बघाल का? घाई नाही, पण महिनाअखेर जवळ आलीय म्हणून विचारलं. धन्यवाद!’*

तुमचा मेल मी माझ्या जुन्या खुर्चीत बसून वाचला असं समजा. अठरा वर्षं मी एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात होतो आणि बाहेरून येणारी बिलं काढणं हेच माझं काम होतं. असे मेल माझ्याकडे रोज यायचे, पण थेट नाही. कुणीतरी साहेब तो पुढे ढकलायचे आणि वर एकच ओळ असायची: ‘हे बघा जरा.’ मी बघायचो. कुठलं बिल? नंबर नाही. किती रकमेचं? लिहिलेलं नाही. कधीचं? ‘मागचं.’ मेल पाठवणाऱ्या बाईंच्या नावानं शोधावं तर बिल भलत्याच नावावर असायचं. मग साहेबांना विचारायला जावं तर ते मीटिंगमध्ये. समोर शंभर बिलं अशी असायची की ज्यांचा सगळा तपशील हाताशी आहे, मी ती काढायला घ्यायचो आणि हा मेल बाजूला राहायचा. त्यात कुणाचा राग नव्हता की कुणाला छळायचा विचार नव्हता.

तुम्ही मऊ आणि कडक अशा दोन टोकांमध्ये अडकला आहात, पण तुमच्या मेलची अडचण तिथे नाहीच. हाच मेल तुम्ही खडसावून लिहिला असता, ‘मागच्या बिलाचं काय झालं, हे योग्य नाही’ वगैरे, तरी तो माझ्या टेबलावर तसाच पडून राहिला असता, कारण त्यात मला लागणारं काहीच नाही.

तुम्ही ज्यांना ‘सर’ म्हणता त्यांनी काम दिलं, पण पैसे ते देत नाहीत. थोडी मोठी कंपनी असेल तर बिलाचा प्रवास साधारण असा असतो. सरांनी ‘काम मिळालं, ठीक आहे’ असं लेखी द्यायचं. अकाउंट्सनं ते बिल मूळ ऑर्डरशी ताडून बघायचं: नाव तेच आहे का, रक्कम जुळते का, बँकेचा तपशील आमच्याकडे नोंदवलेला आहे का. मग वरच्या कुणाची तरी सही किंवा सिस्टिममधली मंजुरी. आणि मग ते बिल पेमेंटच्या यादीत चढतं. ही यादी रोज निघत नाही, कुठे आठवड्याला एकदा निघते, कुठे पंधरा दिवसांनी. या चार ठिकाणांपैकी कुठेही बिल अडू शकतं आणि बहुतेक वेळा ते कुठे अडलंय हे तुमच्या सरांनाही माहीत नसतं. त्यांचं ‘बघतो’ हे खोटं असेलच असं नाही. पण ‘बघायचं’ म्हणजे त्यांना जुने मेल उकरून तुमचं बिल शोधायचं, त्याचा नंबर काढायचा, मग आम्हाला लिहायचं. एवढी उठाठेव दिवसभराच्या गडबडीत मागेच पडते.

म्हणून मेल सरांच्या नावानं लिहायचा, पण तो अशा माणसासाठी लिहायचा जो तुम्हाला ओळखत नाही, ज्यानं तुमचं काम पाहिलेलं नाही आणि ज्याच्या हातात पैसे सोडायचं बटण आहे. सरांनी फक्त ‘फॉरवर्ड’ दाबावं आणि समोरच्याला त्यांना एकही प्रश्न परत विचारावा लागू नये, इतका तो पूर्ण हवा.

आता तुमच्या मेलकडे. ‘घाई नाही’ हे तुम्ही संकोचानं लिहिलंत, मला कळतं. पण पैसे देणाऱ्यानं ते शब्दशः घेतलं तर त्याची चूक म्हणता येईल का? आमच्याकडे यादीत जागा कमी असली की कुठलं बिल या खेपेला आणि कुठलं पुढच्या, असा प्रश्न यायचाच, आणि ‘घाई नाही’ लिहिणारा स्वतःहून मागे जाऊन उभा राहायचा. ‘काही झालं का?’ हाही तसाच प्रश्न. त्याला ‘बघतो’ हे पूर्ण उत्तर होतं. तुम्ही विचारलंत, त्यांनी उत्तर दिलं, विषय संपला. ज्याचं उत्तर एखादी तारीख किंवा एखाद्या माणसाचं नाव असंच येऊ शकेल, तसा प्रश्न विचारायचा.

‘महिनाअखेर’ही काढून टाका. तुम्हाला पैसे का हवेत, हे सांगायची गरज नाही. एकदा कारण दिलं की मागणी त्या कारणावर उभी राहते, आणि मग समोरचा मनात म्हणतो, महिनाअखेर तर गेली, आता काय! मुदत ठरली होती आणि ती उलटली, एवढं कारण पुरतं. आणि ‘सॉरी’ कशाबद्दल? काम तुम्ही वेळेत दिलंत. तुमच्या मेलमधला ‘नमस्कार’ आणि ‘धन्यवाद’ मात्र राहू द्या, ते छान आहेत.

लिहायला बसण्याआधी अर्धा तास स्वतःचं बिल तपासा. हे सांगताना मला एक जुनी गोष्ट आठवते आणि थोडी लाजही वाटते. चित्रं काढून देणाऱ्या एका बाईंचं बिल माझ्याकडे दोन महिने पडून होतं. बिल त्यांच्या स्टुडिओच्या नावावर, बँक खातं त्यांच्या स्वतःच्या नावावर. सिस्टिम ते दोन्ही एकत्र घेईना, म्हणून बिल ‘तपशील अपूर्ण’ या खणात गेलं. त्या बाईंनी चार मेल पाठवले, प्रत्येक आधीच्यापेक्षा चिडलेला. ते सगळे साहेबांकडे जात होते, साहेब माझ्याकडे ढकलत होते आणि मी साहेबांना तोंडी सांगत होतो की नावाचा घोळ आहे. बाईंना कुणीच सांगितलं नाही. मीही नाही. शेवटी त्यांनी फोन केला आणि पाच मिनिटांत प्रश्न मिटला.

तर तपासा: बिल ज्यांच्या नावे काढलंय ते कंपनीचं नाव त्यांच्या ऑर्डरमध्ये आहे तसंच आहे का. ऑर्डर नंबर त्यांनी दिला होता का, आणि दिला असेल तर तो बिलावर छापला आहे का. हा नंबर नसल्यामुळे अडलेली बिलं मी जितकी पाहिली तितकी दुसऱ्या कुठल्याच कारणानं अडलेली पाहिली नाहीत. ऑर्डर नुसती मेलवर आली असेल तर सरांचा ‘काम सुरू करा’ असं म्हणणारा मेल शोधून ठेवा, तीच तुमची ऑर्डर. बँकेचा तपशील बिलावरच आहे का, की वेगळ्या मेलमध्ये पाठवला होता? आणि ३० दिवस कशापासून मोजायचे ठरलं होतं? बिलाच्या तारखेपासून, बिल मिळाल्यापासून, की काम मंजूर झाल्यापासून? यात दहा-बारा दिवसांचा फरक सहज पडतो. मुदत आपणच चुकीची मोजली असेल तर पुढचा सगळा मेल लटका पडतो. तुमच्या बाबतीत बिलाच्या तारखेपासून मोजायचं ठरलं होतं असं मी धरतो, म्हणजे मुदत ४ एप्रिलची.

हे सगळं नीट असेल तर मंगळवारी, २८ एप्रिलला, असा मेल जाऊ द्या. बिलाचा नंबर आणि रक्कम मी मनानं घातली आहे, तिथे तुमचे आकडे टाका.

> विषय: बिल क्र. ०४७, मुदत ४ एप्रिल: पेमेंटची तारीख कळवावी
>
> नमस्कार सर,
>
> माहितीपुस्तिकेच्या भाषांतराचं बिल क्र. ०४७ (दि. ५ मार्च, रक्कम ४८,०००) अजून जमा झालेलं नाही. ठरल्याप्रमाणे त्याची मुदत ४ एप्रिलला संपली, त्याला आज २४ दिवस झाले. याबद्दल मी १० आणि २० एप्रिललाही लिहिलं होतं.
>
> बिल सध्या कोणाकडे आहे आणि पेमेंट कोणत्या तारखेला होईल, हे कृपया गुरुवार, ३० एप्रिलपर्यंत कळवावं. रक्कम शुक्रवार, ८ मेपर्यंत खात्यात जमा व्हावी अशी विनंती आहे.
>
> बिलात काही दुरुस्ती हवी असेल किंवा एखादा कागद कमी असेल तर याच मेलवर सांगावं, मी त्याच दिवशी पाठवीन. बिलाची प्रत आणि कामाची ऑर्डर पुन्हा सोबत जोडली आहे. बँकेचा तपशील बिलावर आहे तोच आहे, त्यात बदल नाही.
>
> अकाउंट्समधल्या संबंधितांशी मी थेट बोलणं सोयीचं असेल तर त्यांचा नंबर द्यावा.
>
> धन्यवाद.
>
> आपली,
> (नाव, फोन)

एकदा मोठ्यानं वाचून बघा. यात एकही कडक शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला ‘बघतो’ म्हणून सुटता येत नाही. जो काही कणखरपणा आहे तो तारखांमध्ये आहे. ‘बराच काळ झाला’ याच्याशी वाद घालता येतो, ‘२४ दिवस झाले’ याच्याशी येत नाही. ‘१० आणि २० एप्रिललाही लिहिलं होतं’ हे वाक्यही नुसतं नोंदीसारखं आहे. तिथे ‘वारंवार सांगूनही’ किंवा ‘अजूनही तुमच्याकडून प्रतिसाद नाही’ असं काही चिकटवलंत की माणूस दुखावतो आणि आधी स्वतःचा बचाव लिहायला बसतो.

तारखा दोन आहेत हे लक्षात आलं असेल. एक उत्तराची, एक पैशांची. बहुतेक जण एकच देतात, ‘आठ दिवसांत पेमेंट करा’, आणि मग आठ दिवस नुसते वाट बघतात. उत्तर द्यायला दोन दिवस पुरतात, त्यामुळे मेल पोचलाच नाही किंवा सर रजेवर आहेत हे तुम्हाला गुरुवारीच कळतं. पैशांची तारीख मात्र दहा दिवस पुढची ठेवली आहे, कारण मधे त्यांची निदान एक यादी निघायला हवी. ‘उद्यापर्यंत’ लिहिलंत तर आमच्यासारख्याला ठाऊक असतं की या आठवड्याची यादी बंद झाली आहे, उद्या काही हे होत नाही. मग ती तारीख कुणी मनावर घेत नाही, आणि पुढच्या तारखाही नाही. यादी शुक्रवारी निघत असेल तर ती बहुधा बुधवारी-गुरुवारी बंद होते. त्यामुळे अकाउंट्सशी बोलायची संधी मिळाली तर ‘तुमचं पेमेंट कोणत्या वारी निघतं?’ एवढं विचारून ठेवा. ते एकदा कळलं की या कंपनीपुरतं पुढे कायम उपयोगी पडतं.

‘बिल सध्या कोणाकडे आहे’ हा प्रश्न मला या मेलमध्ये सगळ्यात जास्त आवडतो. त्यात कुणावर आरोप नाही, उलट सरांना बाजूला सरकायला वाट आहे: ‘माझ्याकडून गेलंय, अकाउंट्सकडे आहे.’ तेच तर तुम्हाला हवं आहे.

बँकेच्या तपशिलाचं वाक्य वाचून तुम्हाला वाटलं असेल, हे कशाला? तर दुसऱ्याच्या नावानं खोटा मेल पाठवून ‘आमचं खातं बदललंय, पैसे इकडे टाका’ असं सांगायचं, ही फसवणूक आता सगळीकडे चालते. त्यामुळे थकलेल्या बिलाच्या मेलमध्ये खात्याचा नंबर नव्यानं लिहिलेला दिसला की अकाउंट्सवाला थबकतो, त्यानं थबकायलाच हवं. तुमचं खातं खरोखर बदललं असेल तर ते पैसे मागणाऱ्या मेलमध्ये घुसडू नका. वेगळं कळवा आणि सोबत फोन करा, म्हणजे ते खात्री करून घेऊ शकतील.

मेल कुठे उत्तर म्हणून पाठवायचा? ५ मार्चच्या बिलाच्या मेललाच. त्यामुळे खाली सगळा इतिहास आपोआप दिसतो. फक्त विषयाची ओळ बदला, कारण जुना विषय ‘भाषांतर पाठवत आहे’ असाच काहीतरी असेल आणि अकाउंट्समधला माणूस त्यात काहीच शोधू शकणार नाही. ‘उत्तर’ दाबलं की जुनं अटॅचमेंट गळून पडतं, तेव्हा बिलाची पीडीएफ पुन्हा जोडा. हे विसरून ‘सोबत जोडली आहे’ असं लिहिणारे मी इतके पाहिलेत की सांगता सोय नाही, आणि त्यात दोन दिवस फुकट जातात.

आता गुरुवारपर्यंत काय येईल? ‘८ मेला होऊन जाईल’ असं आलं तर लगेच एका ओळीत उत्तर द्या: ‘धन्यवाद सर, ८ मे अशी नोंद करून ठेवते.’ ही ओळ साधी दिसते पण तिच्यामुळे ती तारीख आता त्यांची होते, तुम्ही मागितलेली राहत नाही. ‘अकाउंट्सला दिलंय’ एवढंच आलं तर कोणाकडे आणि कधी दिलं ते विचारा आणि त्या माणसाला तोच मेल पाठवून सरांना सीसीत ठेवा. सरांची तक्रार केल्यासारखं होईल अशी काळजी करू नका, त्यांनीच तिकडे बोट दाखवलं आहे.

कामाबद्दलच कुरबूर आली, ‘तिसऱ्या प्रकरणात चुका होत्या’ वगैरे, तर मात्र थांबून वाचा. खरंच चूक असेल तर दुरुस्त करून द्या, पण त्याच उत्तरात लिहा की ज्या भागाबद्दल हरकत नाही त्याची रक्कम ठरलेल्या तारखेला द्यावी आणि उरलेली दुरुस्तीनंतर. अख्खं बिल एका प्रकरणासाठी अडकू देऊ नका. आणि दीड महिन्यात न निघालेली चूक पैसे मागितल्यावर निघाली तर ‘काम १ मार्चला दिलं, तेव्हापासून याबद्दल काही कळवलेलं नव्हतं’ असं नुसतं नोंदवा, म्हणजे तुमची जी खरी तारीख असेल ती लिहून. टोमणा नको.

चौथी शक्यता म्हणजे ‘सध्या जरा अडचण आहे.’ हे उत्तर माणसं तोंडी देतात, लिहून फारसं देत नाहीत, त्यामुळे लिहून आलं तर त्याला किंमत आहे: पैसे देणं लागतो हे त्यात मान्य केलेलं असतं. तो मेल जपून ठेवा. हप्ते मागा, पण तारखांसकट. अर्धे ८ मेला, अर्धे २२ मेला, असे. पहिला हप्ता आल्यावर पोच देताना ‘बिल ०४७ पैकी २४,००० मिळाले, २४,००० बाकी’ असंच लिहा. नुसतं ‘पेमेंट मिळालं, धन्यवाद’ लिहिलंत तर उरलेल्या अर्ध्याचा घोळ पुढे तुम्हालाच निस्तरावा लागेल.

काहीच उत्तर आलं नाही तर १ मेची सुट्टी जाऊ द्या आणि सोमवारी, ४ मेला सकाळी फोन करा. तिसरा-चौथा मेल पाठवत बसू नका, मेलला न मिळालेलं उत्तर पुन्हा मेलनं मिळायची शक्यता कमीच. फोनवर बोलायचंही तेच, मेलमधलं: बिल कोणाकडे आहे आणि तारीख कोणती. बोलणं झालं की दहा मिनिटांत दोन ओळी लिहून टाका, ‘आत्ता बोलणं झालं त्याप्रमाणे बिल मंजुरीसाठी गेलं आहे आणि ८ मेच्या यादीत येईल असं तुम्ही सांगितलंत.’ फोनवरचं बोलणं हवेत विरतं, हा मेल राहतो.

आता नवीन मजकुराचं. तुम्ही पत्रात ते जाता जाता लिहिलंय, पण मला वाटतं तुमची खरी धास्ती तिथेच आहे. पैसे थकवणाऱ्याचं पुढचं काम करत राहिलं की थकबाकी दुप्पट होते आणि मग आधीचं मागायला आणखी जड जातं. तरीही २८ एप्रिलच्या मेलमध्ये नव्या कामाचा उल्लेख करू नका. तो मेल अकाउंट्सकडे जाणार आहे, त्यांना त्याचं देणंघेणं नाही, आणि एका मेलमध्ये दोन विषय आले की सर सोयीच्या विषयाला उत्तर देतात. ‘नवीन मजकूर सोमवारी मिळेल ना?’ एवढंच येईल, बघा.

गुरुवारपर्यंत तारीख आली नाही तर सोमवारच्या फोननंतर फक्त सरांना वेगळं लिहा: ‘नवीन मजकुराचं काम निम्म्यावर आलं आहे. बिल ०४७ ची रक्कम जमा झाली की उरलेलं हाती घेते, त्यानंतर पाच दिवसांत पूर्ण करून देईन.’ यात धमकी नाही, कामाचं वेळापत्रक आहे. तसंच वाचलं जावं यासाठी ‘नाइलाजानं’, ‘मला असं करायला आवडत नाही’ वगैरे काही जोडू नका. पण दोन गोष्टी आधी बघा. नव्या कामाची तारीख तुम्ही लेखी कबूल केली असेल तर हे त्या तारखेच्या पुरेसं आधी सांगायला हवं. शेवटच्या दिवशी हात वर केलेत तर चूक तुमच्याकडे येते आणि पैसे अडवायला त्यांना कारण मिळतं. आणि लिहिलंत तर तसंच वागा. ‘थांबवते’ लिहून तिसऱ्या दिवशी फाइल पाठवून दिली की तुमच्या पुढच्या कुठल्याच तारखेला वजन राहत नाही. थांबायची तयारी नसेल तर हा मेल पाठवूच नका, हे मी मनापासून सांगतो.

काम हातचं जाईल का? जाऊही शकतं, मी खोटी हमी देत नाही. माझ्या अठरा वर्षांत मात्र बिल नंबर आणि तारीख घालून नीट लिहिणाऱ्याचं काम त्या मेलमुळे काढून घेतल्याचं मला आठवत नाही. ज्यांनी साहेबांच्या साहेबांना न सांगता सीसीत घातलं, त्यांच्याबद्दल मात्र खोलीत चार शब्द बोलले जायचे. वर जायची वेळ आलीच तर आधी सरांना सांगा, ‘सोमवारपर्यंत तारीख मिळाली नाही तर मी तुमच्या वरिष्ठांना लिहीन’, आणि मग लिहा.

उशिराचा आकार किंवा व्याज आधी ठरलेलं नसेल तर आता मध्येच मागू नका. कायद्याची भाषाही या मेलमध्ये नको. ती वापरायचीच असेल तर तुमच्याकडे काय नियम आहेत ते जाणकाराला विचारून, आणि खरंच तिथवर जायचं ठरवल्यावर.

८ मे उलटली आणि खात्यात काही नाही, तर सोमवारी ११ मेला एवढंच लिहा:

> नमस्कार सर,
>
> बिल क्र. ०४७ साठी ८ मे ही तारीख ठरली होती. आज ११ मे, रक्कम जमा झालेली नाही. पेमेंट गेलं असेल तर कृपया व्यवहार क्रमांक कळवावा. गेलं नसेल तर नवी तारीख आज संध्याकाळपर्यंत कळवावी.

तारीख त्यांनी दिलीच नसेल तर ‘ठरली होती’च्या जागी ‘मी विनंती केली होती’ लिहा. व्यवहार क्रमांक मागण्यात एक गंमत आहे. ‘पाठवलेत, येतील’ असं सांगणं सोपं असतं, पण पैसे खरंच निघाले असतील तरच तो क्रमांक अस्तित्वात असतो. तो आला तर तुमच्या बँकेत चौकशी करा, नाही आला तर पैसे निघालेले नाहीत असं समजा.

पैसे आले की त्याच दिवशी बिलाचा नंबर घालून पोच पाठवा, अकाउंट्सला सीसी करून. नाव लक्षात राहतं. आणि नव्या मजकुराचं बिल करताना ‘३० दिवसांत’ असं लिहू नका, मोजून सरळ तारीखच छापा, शक्यतो ऑर्डर नंबराच्या शेजारी.